एका मेसेजमध्ये आठ कामे: हात घालण्यापूर्वी काय विचारावे आणि कसे ठरवावे

प्रश्न: मी दापोली तालुक्यात मुंबई-पुण्याच्या लोकांची बंद घरे सांभाळतो. मालक एकाच लांबलचक मेसेजमध्ये सात-आठ कामे लिहून पाठवतात. मी वरून खाली करत जातो आणि शेवटी नेमके त्यांना हवे होते तेच राहून जाते. सुरुवात करण्याआधी कोणते आधी आणि कोणते नंतर हे त्यांच्याकडून कसे पक्के करून घ्यावे? जास्त प्रश्न विचारले तर त्यांना आवडत नाही.

उत्तर:

मेसेजमध्ये कामे ज्या क्रमाने लिहिलेली असतात तो बहुतेक वेळा आठवणीचा क्रम असतो. डोंबिवलीच्या घरात बसलेला माणूस गावचे घर डोळ्यांसमोर आणतो, मनातल्या मनात खळ्यातून ओटीवर चढतो, माजघरातून मागल्या पडवीत जातो, तेथून विहिरीवर येतो आणि वाटेत जे जे दिसेल ते ते लिहीत जातो. ओटीचा रंग पहिला लिहिला जातो तो ओटी पहिली दिसते म्हणून. ज्या कारणासाठी त्याने मुळात मेसेज लिहायला घेतला ते कारण पुष्कळदा अगदी शेवटी, ‘आणि हो’ या दोन शब्दांमागून येते. म्हणून वरून खाली काम करत जाणारा माणूस मनापासून राबला तरी चुकतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम वीस वर्षांहून अधिक काळ करत आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तुमच्यासारखाच वरून खाली जात होतो.

तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. वेळ किंवा पैसा कमी पडला तर कोणते काम झालेच पाहिजे आणि कोणते राहिले तरी चालेल, हे प्राधान्य झाले आणि ते मालकच सांगू शकतो. कोणते काम आधी केल्याशिवाय दुसरे करताच येत नाही, हा क्रम झाला आणि तो तुम्हाला ठाऊक असला पाहिजे, कारण मालकाला तो ठाऊक नसतो. आपण बहुधा उलटे करतो. मालकाला विचारतो, ‘आधी काय करू?’ आणि प्राधान्य मात्र स्वतःच गृहीत धरतो. मग मालक ‘आधी रंग काढ’ म्हणतो, आपण रंग काढतो, आणि मागाहून कौलांवर माणूस चढला की नव्या रंगावर धूळ, कोळ्यांची जाळी आणि कौलांचे तुकडे पडतात. मालकांना प्रश्न आवडत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. माझा अनुभव असा की त्यांना आपण उत्तर द्यायला हवे होते असे प्रश्न आवडत नाहीत. त्यांनीच ठरवायच्या गोष्टी नेमक्या शब्दांत विचारल्या तर ते उत्तर देतात, आणि पुष्कळदा त्यांना बरेही वाटते.

एक मेसेज येथे जसाच्या तसा देतो, फक्त ओळख पटेल असा तपशील काढला आहे. तो ४ मे रोजी संध्याकाळी आला होता.

«अरे, आम्ही या महिन्यात येतोय. ओटीला आणि माजघराला रंग काढून घे, भिंती फार कळकट झाल्यात. माजघरात गेल्या पावसात गळत होतं, कौलं एकदा बघून घे. विहिरीतला गाळ यंदा काढायलाच हवा, तीन वर्षं झाली. पंप बंद आहे असं शेजारच्या वहिनी म्हणत होत्या. रस्त्याकडचा गडगा ढासळलाय, जमल्यास लावून टाक. फणसाची फांदी छपरावर आली आहे. सातबारा काढून ठेव. आणि हो, १८ तारखेला आई पण येणार आहे आमच्याबरोबर, तिला आता खाली बसता येत नाही, तर संडासाचं काय ते बघ. खर्च कळव.»

असा मेसेज आला की मी प्रथम तो कागदावर उतरवतो, आणि प्रत्येक वाक्यासाठी वेगळी ओळ घेतो. फोनवर वाचत राहिले की डोळा वरच्या दोन ओळींवरच घुटमळतो. मग प्रत्येक ओळीसमोर ते वाक्य कोणत्या जातीचे आहे ते लिहितो. ‘रंग काढून घे’, ‘गाळ काढायलाच हवा’, ‘सातबारा काढून ठेव’ ही सरळ सांगितलेली कामे आहेत. ‘गडगा जमल्यास लावून टाक’ ही इच्छा आहे. ‘पंप बंद आहे असं वहिनी म्हणत होत्या’ आणि ‘फांदी छपरावर आली आहे’ या दोन बातम्या आहेत. त्यांत काम सांगितलेलेच नाही, पण लिहिणाऱ्याने आपण सांगितले असे मनात धरलेले असते, आणि आल्यावर पंप बंद दिसला तर ‘मी लिहिलं होतं ना’ असे तो म्हणणारच.

उरले ‘कौलं एकदा बघून घे’ आणि ‘संडासाचं काय ते बघ’. आपल्या भाषेतील हे ‘बघणे’ फार जपून वाचावे लागते. ‘बघून घे’ म्हणजे नुसती पाहणी करून कळव असाही अर्थ होतो आणि तुझ्या पद्धतीने निस्तरून टाक, मला पुन्हा विचारू नकोस असाही होतो. एकच मालक एकाच मेसेजमध्ये ते दोन्ही अर्थांनी वापरतो. मी एक खूणगाठ बांधली आहे: जेथे ‘बघणे’ आले तेथे पैसे किती लागतील ते आधी पाहायचे. किरकोळ खर्चात निस्तरत असेल तर निस्तरून मग सांगायचे. मोठा खर्च असेल, किंवा काही फोडावे, तोडावे लागणार असेल, तर त्या ‘बघ’चा अर्थ विचारूनच पक्का करायचा.

कागद झाला तरी लगेच उत्तर लिहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी गेलो, सोबत वायरमन नेला. निम्मे प्रश्न जागेवर गेल्यावर आपोआप सुटतात आणि सुटू शकणारे प्रश्न मालकाला विचारल्यामुळेच आपला मान कमी होतो. विहिरीतील सबमर्सिबल पंपाची मोटर ठीक होती, वरच्या पेटीतील कपॅसिटर गेला होता. तो त्याच दिवशी बदलला, म्हणजे पंप हा विषयच संपला. माजघराच्या वर चाळीसेक कौले फुटलेली किंवा सरकलेली होती आणि एक रीप कुजली होती. फणसाची फांदी नेमकी त्याच पाख्यावर टेकली होती, वाऱ्याने हलली की कौले सरकवत होती. गळतीचे कारण तीच फांदी होती. त्या फांदीवर फणसही धरले होते. संडासाचे भांडे जुन्या पद्धतीचे, जमिनीत बसवलेले, आणि घरात संडास एकच होता.

आता क्रम मांडू. मेसेजमध्ये आठ गोष्टी असल्या तरी त्यांच्या प्रत्यक्षात दोनच माळा होतात. पहिली माळ छपराची. आधी फांदी उतरवायची, मग कौले चाळायची, आणि सर्वांत शेवटी रंग. फांदी नंतर तोडली तर ती नव्या कौलांवर पडण्याचा धोका, आणि कौले रंगानंतर चाळली तर रंग फुकट. मेसेजमध्ये रंग पहिला, कौले दुसरी आणि फांदी सहावी होती, म्हणजे लिहिलेला क्रम पाळला असता तर तिन्ही कामे उलटी झाली असती.

दुसरी माळ पाण्याची. गवंड्याला संडासाच्या कामाला पाणी लागते, पाहुण्यांना पाणी लागते, आणि विहिरीतील गाळ काढायचा तर विहीर उपसावी लागते. मे महिन्यात पाणी तळाला गेलेले असते म्हणून गाळ काढायला हाच महिना योग्य, पण त्याच कारणाने उपसलेल्या विहिरीत झऱ्यांचे पाणी पुन्हा चढायला वेळ लागतो आणि आलेले पाणी पहिले काही दिवस गढूळ असते. त्यात टीसीएल ही पाणी शुद्ध करणारी पावडर टाकून ते निवळू द्यावे लागते. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी गाळ काढला तर विहीर स्वच्छ दिसेल आणि घरात प्यायला पाणी नसेल. म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच संपायला हवे, आणि विहिरीत माणूस उतरण्यापूर्वी गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरून ठेवायला हवी, म्हणजे गवंड्याचे अडत नाही. (उपसा करणारा पेट्रोल किंवा डिझेलचा पंप विहिरीत कधीही उतरवू नये. त्याच्या धुराने खाली उतरलेली माणसे गुदमरून दगावतात. तो बाहेर, धूर विहिरीकडे जाणार नाही अशा बाजूला ठेवावा.)

गडगा आणि सातबारा या दोन्ही माळांच्या बाहेर आहेत. चिऱ्यांचा सुका गडगा रचायला पाणी लागत नाही, सिमेंट सुकण्याची वाट पाहावी लागत नाही, तो पावसाआधी कधीही उभा राहिला तरी चालतो. छपराला मात्र निसर्गाची मुदत आहे. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते आणि आपले जुने हिशेब त्यावरच बांधलेले आहेत, पण २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात पोहोचला. तेव्हापासून मी उघड्या छपराचे काम २० मेच्या पुढे ठेवत नाही, आणि मालकाने ‘मेअखेर केलंस तरी चालेल’ असे लिहिले तरी ही तारीख कळवतो.

इतके झाल्यावर मालकाने ठरवायचे असे काय उरते ते पाहा. आठ कामांतून खऱ्या अर्थाने तीनच प्रश्न उरले. त्याहून जास्त प्रश्न एका वेळी पाठवू नयेत. पाच प्रश्न पाठवले की उत्तर पहिल्याचे आणि शेवटच्याचे येते, मधले तीन हरवतात.

पहिला प्रश्न प्राधान्याचा. तो ‘महत्त्वाचे काय?’ असा कधीही विचारू नये, कारण त्यावर ‘सगळंच महत्त्वाचं आहे’ हे ठरलेले उत्तर मिळते. ‘१८ तारखेला तुम्ही दार उघडाल तेव्हा कोणत्या दोन गोष्टी झालेल्याच हव्यात?’ असा विचारावा. तारीख आणि आकडा दिला की माणूस त्या दिवशीचे घर डोळ्यांसमोर आणतो आणि खरे उत्तर देतो. त्याच्या आधी तुमचा स्वतःचा अंदाजही लिहावा, म्हणजे त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणावे लागते.

दुसरा प्रश्न संडासाचा. येथे ‘कमोड बसवू का?’ असे विचारले असते तर उत्तर ‘हो’ आले असते आणि तरीही चूक होऊ शकली असती. विचारायला हवे ते हे की, आई चार दिवसांसाठी येणार आहेत की यापुढे येथेच राहणार आहेत. चार दिवसांचा प्रश्न असेल तर कमोडची खुर्ची आणून भागते, काहीही फोडावे लागत नाही. कायमचा असेल तर जुने भांडे काढून, लादी फोडून, पाइपाची जागा बदलून कमोड बसवायचा, शेजारी हाताला धरायला दांडी लावायची, आणि सिमेंट नीट धरेपर्यंत काही दिवस तो वापरायचा नाही. घरात संडास एकच असल्यामुळे हे काम १४ तारखेच्या आत संपवावे लागणार होते. कामामागील कारण विचारले की कामच बदलते, हे या एका ओळीत जितके स्पष्ट दिसले तितके मला क्वचित दिसले आहे.

तिसरा प्रश्न फणसाचा. तोडलेली फांदी पुन्हा जोडता येत नाही, आणि हद्दीवरचे फणसाचे झाड एकट्याचे आहे की सामाईक, हे घर सांभाळणाऱ्याला बाहेरून कळत नाही. भाऊबंदांचे झाड असले आणि तुम्ही फांदी उतरवलीत तर तो वाद पुढे वर्षानुवर्षे चालतो, आणि त्यात नाव तुमचे येते. अशा जागी मालकाचा स्पष्ट होकार हवाच.

बाकीच्या गोष्टींसाठी मी प्रश्न न विचारता ‘मी असे धरून चालतो’ असे लिहितो. याला एक अट आहे: चुकले तर परत फिरवता येईल आणि खर्च बेताचा असेल, तेथेच असे धरून चालावे. सातबाऱ्याचे पाहा. नुसती माहिती हवी असेल तर `bhulekh.mahabhumi.gov.in` वर तो फुकट पाहता येतो, पण तो शासकीय कामाला चालत नाही. बँकेला किंवा कचेरीत द्यायचा असेल तर `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वरून डिजिटल स्वाक्षरीचा काढावा लागतो, त्याला प्रत्येक उताऱ्यामागे १५ रुपये पडतात. पंधरा रुपयांसाठी मालकाला थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. स्वाक्षरीचा काढतो असे कळवावे आणि फक्त गट नंबर मागून घ्यावा.

५ तारखेला दुपारी मी पाठवलेले उत्तर असे होते.

«काका, सकाळी घरी जाऊन आलो. पंप दुरुस्त केला, पाणी सुरू आहे. तुमच्या मेसेजमधली बाकीची सात कामं या क्रमाने करायची म्हणतो:
१. विहिरीतला गाळ (७ ते ९ मे)
२. फणसाची फांदी (८ मे)
३. माजघरावरची कौलं (९ आणि १० मे)
४. संडास (११ ते १४ मे)
५. रंग, आधी ओटी, मग माजघर (१२ मेपासून)
६. गडगा (तुम्ही येऊन गेल्यावर, पावसाआधी)
७. सातबारा, सहीचा, ऑनलाइन. गट नंबर कळवा.
तीन गोष्टी तुम्ही सांगायच्या:
अ. वेळ कमी पडला तर १८ तारखेला संडास आणि पाणी या दोन गोष्टी तयार हव्यातच, आणि माजघराचा रंग मागे राहिला तरी चालेल, असं मी समजतो. बरोबर आहे का?
आ. आजी चार दिवस राहणार की यापुढे नेहमी? चार दिवस असतील तर कमोडची खुर्ची आणतो, नेहमीसाठी असेल तर लादी फोडून कमोड बसवतो.
इ. फणस तुमचा एकट्याचा की सामाईक? कापू का? छपरावर आलेला भागच उतरवेन.
अ, आ, इ यांची उत्तरं उद्या संध्याकाळपर्यंत द्या. तोवर टाकी भरून घेतो आणि गाळ काढणारी माणसं सांगून ठेवतो. फांदी आणि लादीला तुमच्या उत्तराशिवाय हात लावत नाही. कामवार खर्च रात्री वेगळा पाठवतो.»

या उत्तरात जी गोष्ट मी मुद्दाम करतो ती म्हणजे कामांना आकडे आणि प्रश्नांना अक्षरे देणे. मालकाला मग ‘अ हो, आ नेहमी’ एवढेच लिहावे लागते आणि घोळ होत नाही. खर्चही त्याच आकड्यांसमोर लिहितो, एकगठ्ठा कधीही देत नाही. एकगठ्ठा आकडा मोठा दिसतो आणि मालक ‘थोडं कमी कर’ म्हणतो. ते कमी कोठे करायचे हे मग पुन्हा आपल्यालाच ठरवावे लागते आणि प्राधान्य परत आपल्या अंगावर येते. कामवार आकडे दिले तर तो सहावे काम पुढे ढकल असे स्वतःच सांगतो.

त्यांचे उत्तर रात्री फोनवर आले. अ बरोबर होते. माजघराचा रंग राहिला तरी हरकत नाही असे ते सहज म्हणाले, तेच काम ज्याने मेसेजची सुरुवात झाली होती. आ बद्दल ते क्षणभर थांबले आणि म्हणाले की आईला यापुढे गावीच राहायचे आहे, घरात अजून सगळ्यांना सांगितलेले नाही. म्हणजे मेसेजमधील शेवटून दुसरी ओळ हे त्या सगळ्या मेसेजचे कारण होते. आणि फणस चुलतभावांचा सामाईक निघाला. त्यांनी दुसऱ्या दिवशी चुलतभावाला विचारून होकार कळवला, अट एकच की फांदीवरचे फणस दोन्ही घरी पोहोचवायचे.

फोनवर ठरले की मी लगेच ते पुन्हा लिहून पाठवतो: «आत्ता फोनवर ठरलं ते असं» आणि खाली तीन ओळी. वयस्कर मालकांना लिहिण्यापेक्षा बोलणे सोपे जाते, त्यांच्याशी फोनवरच ठरवावे, पण ठरलेले लिहून पाठवणे सोडू नये. फोनवरचे बोलणे पंधरा दिवसांनी दोघांना दोन प्रकारे आठवते. मोठा व्हॉइस मेसेज आला तर तोही ऐकून कागदावर उतरवावा आणि त्याची यादी करून परत पाठवावी. नुसते ‘ऐकलं’ असे लिहू नये.

एका गोष्टीबद्दल मी तुम्हाला आग्रहाने सांगतो, कारण तिचे पैसे मी भरले आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घराच्या पूर्ण पाख्याचा खर्च मी लिहून पाठवला, मालकाने अंगठ्याची खूण पाठवली, मी तो होकार समजलो आणि नवी कौले आणून पाखा शाकारून टाकला. बिल पाठवल्यावर ते म्हणाले की अंगठा म्हणजे मेसेज वाचला एवढेच, निर्णय त्यांना भावाशी बोलून घ्यायचा होता. ते खोटे बोलत नव्हते. निम्मा खर्च मी सोसला. तेव्हापासून अंगठा, जोडलेले हात किंवा ‘ओके’ यांना मी पोच समजतो. होकार तो, ज्यात कामाचा आकडा किंवा रक्कम त्यांच्या शब्दांत आलेली असते. ती नसेल तर मी एकच ओळ परत पाठवतो: «३ नंबर, कौलं, सांगितलेल्या रकमेत, सुरू करू ना?» आणि ‘कर’ असे अक्षरात येईपर्यंत माल आणत नाही.

त्या प्रसंगातून आणखी एक गोष्ट कळली. आपल्याकडे घर पुष्कळदा तीन-चार भावांचे असते, मेसेज एक जण पाठवतो, पैसे दुसरा देतो आणि मे महिन्यात राहायला तिसरा येतो. नवे घर हाती घेताना पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे की खर्चाबद्दल शेवटचा शब्द कोणाचा. प्रत्येक मेसेजच्या वेळी हे विचारणे अवघड जाते, सुरुवातीला कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

कामे सुरू झाल्यावर मधेच नवा मेसेज येतोच. या घराच्या बाबतीत १० तारखेला आला: खळ्यात मांडव घालायचा, सत्यनारायण करायचा आहे. अशा वेळी नुसते ‘हो, करतो’ लिहिणे सोपे असते, आणि तेथेच आधी ठरवलेला क्रम मोडतो. मी जुनी यादीच पुन्हा पाठवली, तिच्यात मांडव आठव्या क्रमांकावर घातला, झालेल्या कामांपुढे ‘झालं’ लिहिले आणि खाली एक ओळ जोडली: «मांडवाला माणसं लागतील ती रंगावरची काढावी लागतील, म्हणजे माजघराचा रंग १८ नंतर. चालेल ना?» नवे काम आत आले की कोणते काम मागे गेले हे त्याच मेसेजमध्ये दिसले पाहिजे, आणि यादी एकच असली पाहिजे. दोन मेसेजमध्ये दोन याद्या झाल्या की मालक एक पाहतो आणि आपण दुसरी.

विचारत बसू नये असे प्रसंगही आहेत. विजेची तार खाली आली असेल, मोडलेली फांदी माणसांच्या डोक्यावर लोंबत असेल, पाण्याची टाकी फुटून भिंतीत पाणी जात असेल, तर आधी धोका थांबवावा, फोटो काढावा आणि मग कळवावे. किरकोळ कामांची परवानगी मागत राहणेही चूक आहे. झडप सैल झाली, कडी निघाली, बल्ब गेला, हे करून टाकावे आणि महिन्याच्या हिशेबात लिहावे. विचारण्याचा हक्क आपण मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवायचा असतो.

तुमच्या हातात सध्या असा मेसेज असेल तर आज रात्री एवढेच करा: तो कागदावर उतरवा, बातम्या आणि ‘बघून घे’ यांभोवती गोल करा आणि शेवटच्या तीन ओळी दोनदा वाचा. सकाळी घरी जाऊन या आणि मगच लिहायला बसा. दुपारपर्यंत उत्तर गेले तर मालकाला उशीर वाटत नाही. फक्त आदल्या रात्रीच «मेसेज मिळाला, उद्या घर पाहून दुपारी सविस्तर लिहितो» अशी पोच द्यायला विसरू नका, नाहीतर तुम्ही सगळ्यालाच होकार दिला असे तो समजेल किंवा तुम्ही वाचलेच नाही असे समजून दुसऱ्या कोणाला तरी सांगेल.

त्या घरी १८ तारखेला संडास तयार होता, नळाला स्वच्छ पाणी होते, ओटी रंगलेली होती आणि माजघराच्या भिंती तशाच कळकट होत्या. आजी आल्या त्या आधी मागल्या पडवीत गेल्या, संडासातील दांडीला धरून उभे राहून पाहिले आणि मग ओटीवर येऊन बसल्या. माजघर आम्ही ती मंडळी मुंबईला परतल्यावर रंगवले. गडगा २९ मे रोजी रचून झाला, त्याला दोन दिवस उशीर झाला कारण वळवाच्या सरीत चिरे आणणारी गाडी खालच्या पाणंदीत रुतली होती. ते त्या दिवशीच यादीतील सहाव्या ओळीपुढे लिहून मी कळवले होते.